घरचं बीपी मशीन दवाखान्यापेक्षा सतत जास्त दाखवतंय: दोष नेमका कशात आहे ते कसं शोधायचं

तक्रार नेहमीची आहे. गणपतीला मुंबईहून आलेला मुलगा आई-वडिलांसाठी डिजिटल मशीन घेऊन येतो. सकाळी घरी वरचा आकडा १५८ येतो, डॉक्टरांकडे गेलं की १३४. मग कुणी म्हणतं, ‘हे इलेक्ट्रॉनिक म्हणजे खेळणं’, कुणी म्हणतं, ‘सेल बदलून बघा’, आणि महिनाभरात मशीन कपाटावर जाऊन बसतं. दुसऱ्या घरात याच्या उलट होतं. घरचा आकडा कमी येतो, म्हणून गोळी परस्पर बंद केली जाते. पहिल्यात पैसे वाया जातात. दुसऱ्यात जास्त काही जाऊ शकतं.

अशा तक्रारींमध्ये मशीन खरोखर बिघडलेलं असणं हे तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचं कारण आहे. त्याच्या आधी पट्टा, बसण्याची पद्धत आणि मोजण्याची वेळ तपासायची. हा क्रम पाळला नाही, तर चांगलं मशीन फेकलं जातं आणि नव्या मशीनवर तोच चुकीचा आकडा येतो.

समजायला एक नमुना घेऊ. रत्नागिरी तालुक्यातल्या गावात राहणारे ६४ वर्षांचे निवृत्त गुरुजी. रोज सकाळी आठला एक गोळी. घरी साडेसातला घेतलेले आकडे: १५८/९४, १६२/९२, १५६/९०. दवाखान्यात अकरा वाजता: १३४/८०, १३६/८२. फरक वीसच्या पुढचा. हे आकडे शेवटपर्यंत बरोबर घेऊन जाऊ.

आधी हे पक्कं करा: फरक एकाच बैठकीत पडतोय का?

सकाळी घरी घेतलेला आणि अकराला दवाखान्यात घेतलेला आकडा जुळलाच पाहिजे, असं काही नाही. बीपी दर मिनिटाला हलतं. लागोपाठ घेतलेल्या दोन मोजण्यांतही पाच-दहाचा फरक स्वाभाविक असतो. शिवाय गुरुजींचा सकाळचा आकडा गोळीआधीचा आहे, म्हणजे आदल्या दिवशीच्या गोळीचा जोर सर्वांत कमी असतानाचा. दवाखान्यातला आकडा गोळी घेऊन तीन तास झाल्यानंतरचा. दोन वेगळ्या वेळचे आकडे समोरासमोर ठेवून मशीनला खोटं ठरवता येत नाही.

म्हणून मशीन पिशवीत घालून दवाखान्यात न्यायचं. एकाच खोलीत, एकाच हातावर, पाच-सात मिनिटांच्या आत दोन्ही मशीननी मोजायचं. तिथेही मोठा फरक आला, तर दोष मशीनचा किंवा पट्ट्याचा. तिथे आकडे जुळले आणि घरी मात्र चढे आले, तर कारण घरी मोजण्याच्या पद्धतीत, वेळेत किंवा खुद्द बीपीत आहे. नेताना मशीनबरोबर त्याचाच पट्टा न्या. दवाखान्यातला दुसरा पट्टा जोडून केलेली तपासणी तुमच्या घरच्या आकड्यांबद्दल काहीच सांगत नाही.

पाच मोजण्यांची तपासणी

ही पद्धत अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या ‘टार्गेट बीपी’ उपक्रमात दिलेली आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रातही ती सहज करता येते. फक्त ओपीडीची गर्दी ओसरल्यावर जा, कारण तिला शांत पंधरा मिनिटं लागतात.

पाच मिनिटं काही न बोलता खुर्चीत बसायचं. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पाय एकमेकांवर टाकलेले नाहीत. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर, दंडाचा मधला भाग छातीच्या मध्याच्या उंचीला. मग एकाच हातावर, मध्ये अर्धा ते एक मिनिट थांबत, या क्रमाने:

अ – घरचं मशीन
ब – घरचं मशीन
क – दवाखान्याचं
ड – घरचं मशीन
इ – दवाखान्याचं

पहिला ‘अ’ हिशेबात धरत नाहीत. पहिल्या मोजणीला शरीर दचकलेलं असतं आणि आकडा बहुधा चढा येतो. नंतर फक्त वरचे आकडे घ्यायचे. ‘ब’ आणि ‘ड’ची सरासरी काढून ती ‘क’शी ताडायची. फरक ५ पर्यंत असेल तर मशीन वापरायला योग्य. १० च्या वर असेल तर या पट्ट्यासकट हे मशीन वापरायचं नाही. ६ ते १० च्या मध्ये आला तर आणखी एक पायरी: ‘क’ आणि ‘इ’ची सरासरी काढून ती ‘ड’शी ताडायची. आता फरक १० पर्यंत असेल तर चालेल, त्याहून जास्त असेल तर बदला.

घरच्या मोजण्या दवाखान्याच्या मोजणीच्या दोन्ही बाजूंना ठेवण्याचं कारण आहे. माणूस बसून राहिला की बीपी हळूहळू उतरत जातं. आधी घरच्या दोन आणि मग दवाखान्याची एक असं घेतलं, तर घरचं मशीन उगाच चढं ठरेल. आधी आणि नंतर, दोन्हीकडे घेतल्याने ही उतरण हिशेबातून निघून जाते. ही उतरण टाळायला दोन हातांवर एकाच वेळी दोन मशीन लावण्याचा शॉर्टकटही नको. अनेकांच्या दोन हातांत मुळातच फरक असतो. तो सातत्याने १० च्या वर असेल तर डॉक्टरांना सांगा, आणि यापुढे ज्या हाताचा आकडा जास्त त्याच हातावर मोजा.

गुरुजींचे आकडे असे आले: अ १५६, ब १५३, क १३६, ड १५१, इ १३४. ब आणि ड यांची सरासरी १५२. क पेक्षा ती १६ ने जास्त. मशीन नापास.

इथेच बहुतेक जण चूक करतात आणि नवं मशीन घ्यायला निघतात. नापास झालेली जोडी आहे, मशीन आणि पट्ट्याची. तेव्हा आधी पट्टा बघायचा.

पट्टा: सर्वांत मोठा गुन्हेगार

शिंप्याची मेजपट्टी घ्या. खांद्याच्या टोकाच्या हाडापासून कोपरापर्यंतचं अंतर मोजून मध्यावर खूण करा, आणि हात सैल सोडून त्या खुणेवर दंडाचा घेर मोजा. मेजपट्टी नसेल तर सुतळी गुंडाळून नंतर पट्टीवर धरा. आता पट्ट्यावर छापलेला आकडा वाचा. बहुतेक मशीनबरोबर येणाऱ्या नेहमीच्या पट्ट्यावर २२–३२ सेंमी असं लिहिलेलं असतं. मोठा पट्टा ३२–४२ चा, आणि काही कंपन्या २२–४२ असा सर्वसमावेशक पट्टा देतात. बारीक हाताच्या वृद्ध बायकांना कधी कधी २२ च्या खालचा, लहान पट्टा लागतो.

पट्ट्याच्या आतली हवेची पिशवी दंडाला पुरेशी वेढत नसेल, तर धमनी दाबायला जास्त दाब लागतो, आणि मशीन तो जास्तीचा दाबच तुमचं बीपी म्हणून दाखवतं. मशीन खोटं बोलत नसतं, त्याला चुकीची गोष्ट मोजायला दिलेली असते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत मोठा पट्टा लागणाऱ्यांना नेहमीचा पट्टा लावला, तेव्हा वरचा आकडा सरासरी ४.८ ने जास्त आला. त्याहून मोठा, अतिमोठा पट्टा लागणाऱ्यांमध्ये तो १९.५ ने जास्त आला. उलट लहान पट्टा लागणाऱ्यांना नेहमीचा लावला तर ३.६ ने कमी. जाड दंडाच्या माणसाचं बीपी फुगतं आणि बारीक दंडाच्या आजीचं लपतं, ते असं.

गुरुजींचा दंड निघाला ३५ सेंमी. पट्टा २२–३२ चा. त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलला चालणारा मोठा पट्टा मागवून तपासणी पुन्हा केली: अ १४६, ब १४२, क १३८, ड १४०, इ १३६. ब आणि ड यांची सरासरी १४१, क पेक्षा ३ ने जास्त. पास.

पट्टा मागवताना ‘कुठलाही बसतो’ असं मेडिकलवाल्याने सांगितलं तरी ऐकू नका. नळीचं टोक बसलं म्हणजे पट्टा चालला असं होत नाही. मशीनमधलं गणित ठरावीक पट्ट्यासाठी बांधलेलं असतं. पुस्तिकेत कोणते पट्टे चालतात त्यांचे क्रमांक दिलेले असतात, तेच घ्या.

बांधण्याबद्दल थोडक्यात. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीच्या दोन-तीन सेंमी वर, नळी किंवा बाणाची खूण हाताच्या आतल्या बाजूला, आणि पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम शिरतील इतका घट्ट. शर्टाची बाही गुंडाळून वर सारू नका, तिचा वळसा दंडाला दुसऱ्या पट्ट्यासारखा आवळतो. कोपरापर्यंत घट्ट बाहीचा ब्लाउज असेल तर सरळ हात बाहीतून काढा.

पास झालेलं मशीन घरी परत जास्त दाखवतंय

नव्या पट्ट्याने गुरुजींचे सकाळचे आकडे १५० आणि १४८ वर आले, म्हणजे आधीच्या सरासरीपेक्षा दहाएकाने खाली. तरीही दवाखान्यापेक्षा जास्तच. आता मशीनवर संशय घेण्याचं कारण उरलं नाही, म्हणून बसण्याची जागा बघायची.

आपल्याकडे सकाळची बैठक पडवीत असते. लाकडी बाक, पाठीला आधार नाही, हात मांडीवर. दंड असा खाली सैल राहिला की पट्टा हृदयाच्या पातळीच्या खाली जातो. दर सेंटिमीटरला आकडा पाऱ्याच्या सुमारे पाऊण मिलिमीटरने वाढतो, म्हणजे १० सेंमी खाली गेलात तर सात-आठ. हे भौतिकशास्त्र आहे, कुठल्याही कंपनीचं मशीन त्यातून सुटत नाही. जमिनीवर मांडी घालून पाटावर हात ठेवला तरी तेच. झोपाळ्यावर बसून तर मोजूच नका. पट्ट्यातली बारीक कंपनं मोजणाऱ्या यंत्राला हालचाल म्हणजे गोंधळ.

जेवणाच्या टेबलाजवळ पाठ असलेली खुर्ची घ्या. टेबल बुटकं असेल तर हाताखाली घडी केलेली चादर ठेवा. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मशेरी, विहिरीवरून पाणी आणणं हे काही नको. लघवी करून या. मोजताना ‘किती आला, किती आला’ म्हणून विचारणाऱ्याला बाहेर पाठवा. बोलण्याने आकडा चढतो.

गुरुजींनी टेबलापाशी मोजायला सुरुवात केली आणि सकाळचा आकडा १४२/८६ च्या आसपास स्थिरावला. मूळच्या १५८ मधले दहा पट्ट्याचे होते आणि सातेक पडवीतल्या बाकाचे.

उरलेलं मात्र त्यांचं स्वतःचं आहे. सात दिवस सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन, एक मिनिटाच्या अंतराने मोजायचं. सकाळचं मोजमाप गोळी आणि न्याहारीच्या आधी. पहिल्या दिवसाचे चार आकडे सोडून उरलेल्या चोवीसांची सरासरी काढायची. गुरुजींची सकाळची सरासरी १४२/८६, संध्याकाळची १३२/८०, एकूण १३७/८३. घरी मोजताना १३५/८५ ही सीमा धरतात, दवाखान्यातली १४०/९० तिच्या बरोबरीची. वरचा आकडा सीमेच्या किंचित पुढे आहे. म्हणजे दवाखान्यात ‘बीपी आटोक्यात’ दिसत होतं, पण गोळीचा जोर सकाळपर्यंत पुरत नव्हता. हा कागद डॉक्टरांपुढे ठेवायचा, गोळीची मात्रा किंवा वेळ तेच ठरवतील. मशीनला खेळणं म्हणून कपाटावर टाकलं असतं तर ही गोष्ट कळलीच नसती.

एक सोडून देता येणार नाही अशी सूचना. वरचा आकडा १८० च्या किंवा खालचा १२० च्या पुढे गेला तर पाच मिनिटं थांबून पुन्हा मोजा. पुन्हा तितकाच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. पण त्याबरोबर छातीत दुखणं, धाप, बोलण्यात अडखळणं, एका अंगाची ताकद जाणं किंवा दिसायला धूसर होणं असेल तर मशीनची तपासणी वगैरे करत बसू नका, १०८ ला फोन करा.

दवाखान्याचं मशीन बरोबरच असतं का?

नाही. आणि हे डॉक्टरांना विचारायला लाजू नका. पाऱ्याची मशीन आता हळूहळू हद्दपार होत आहेत, त्यांच्या जागी बऱ्याच ठिकाणी घड्याळासारख्या काट्याची मशीन आली आहेत. ती पडली, आपटली की आतली यंत्रणा सरकते. हवा पूर्ण सोडल्यावर काटा शून्यावर नसेल तर ते मशीन तुलनेला निरुपयोगी. शून्यावर असला म्हणजे वरचे आकडे बरोबर असतीलच अशीही खात्री नाही. त्याची तपासणी सहा महिने ते वर्षभरात झालेली असावी लागते.

दुसरी खूण आकड्यांतच दिसते. कागदावर नेहमी १३०/८०, १४०/९०, १२०/८० असे शून्याने संपणारेच आकडे असतील, तर मोजणारा जवळच्या दशकाला वळवतोय. स्टेथोस्कोपने मोजताना हवा सेकंदाला साधारण दोन मिलिमीटर इतक्या सावकाश सोडायची असते. भराभर सोडली तर पहिला ठोका निसटतो आणि वरचा आकडा कमी नोंदला जातो. अशा मोजणीवरून पाचाचा फरक पकडणं म्हणजे भाताच्या मापाने सोनं तोलणं. शक्य असेल तिथे पाच मोजण्यांची तपासणी अलीकडे तपासलेल्या डिजिटल मशीनशी करा, किंवा सावकाश, दोनच्या पटीत आकडा नोंदणाऱ्या नर्सताईंकडून करून घ्या.

आकडे दोन्ही मशीनवर उगाचच इकडून तिकडे उड्या मारत असतील आणि घरच्या मशीनवर अनियमित ठोक्यांची खूण येत असेल, तर दोष मशीनचा नसेलही. ठोके अनियमित असले की डिजिटल मशीनचं गणित डळमळतं. तीनदा मोजून सरासरी घ्या आणि ती खूण डॉक्टरांना जरूर सांगा, ईसीजीची गरज असू शकते.

‘कॅलिब्रेट करून देतो’ म्हणजे नेमकं काय

डिजिटल मशीन ठोके ऐकत नाही. पट्ट्यातली हवा कमी होताना, किंवा काही मॉडेलमध्ये भरताना, धमनीच्या धडधडीने पट्ट्यात जी बारीक कंपनं उठतात ती मोजतं. ही कंपनं सर्वांत मोठी असतात त्या ठिकाणचा दाब म्हणजे साधारण सरासरी धमनीदाब. वरचा आणि खालचा आकडा त्यावरून गणिताने काढलेला असतो, आणि ते गणित प्रत्येक कंपनीचं गुपित असतं.

म्हणून दोन वेगळ्या तपासण्या आहेत आणि त्यांची नेहमी गल्लत होते. एक, दाब मोजणारा सेन्सर बरोबर आहे का. सर्व्हिस सेंटरला नळीवर दुसरं प्रमाणित दाबमापक लावून हे बघतात, आणि साधारण अधिक-उणे ३ मिलिमीटरची मुभा असते. दुकानदार ज्याला कॅलिब्रेशन म्हणतो ते हेच. दोन, त्या मॉडेलचं गणित माणसांवर खरं उतरतं का. हे दुकानात किंवा घरी तपासताच येत नाही. त्यासाठी किमान ८५ माणसांवर प्रशिक्षित निरीक्षकांच्या मोजणीशी तुलना करतात. सरासरी फरक ५ च्या आत आणि विखुरणं ८ च्या आत असेल तरच मॉडेल पास. हा २०१८ पासूनचा आंतरराष्ट्रीय मान्य निकष आहे.

सेन्सर अगदी अचूक असून गणित भिकार असलेलं मशीन कॅलिब्रेशनमध्ये उत्तम ठरेल आणि तुम्हाला रोज चुकीचा आकडा देईल. खोक्यावरचा सीई शिक्का किंवा ‘डॉक्टरांची पसंती’ यांचाही या दुसऱ्या परीक्षेशी संबंध नाही.

नवं घेताना

खोक्यावरचा मॉडेल क्रमांक बघा, कंपनीचं नाव पुरत नाही. एकाच कंपनीचं एक मॉडेल तपासलेलं असतं आणि शेजारचं नसतं. दुकानातच फोनवर stridebp.org उघडून तो क्रमांक यादीत शोधा. अमेरिकी मॉडेलांसाठी validatebp.org आहे. अक्षरं आणि आकडे तंतोतंत जुळले पाहिजेत, एक अक्षर इकडे-तिकडे म्हणजे दुसरं मशीन. यादीत नसेल तर किंमत कितीही गोड असली तरी सोडा. गरोदर बाईसाठी घेत असाल तर गरोदरपणासाठी वेगळी तपासणी झालेलं मॉडेलच घ्या.

दंडावरचंच घ्या. मनगटावरच्यात मनगट हृदयाच्या उंचीला धरण्याची चूक रोज होते, आणि बोटावरचं तर विचारातच घेऊ नका. घड्याळातल्या, पट्टा नसलेल्या बीपीवर गोळ्यांचे निर्णय घ्यायची वेळ अजून आलेली नाही. दंडाचा घेर घरून मोजून न्या आणि मोठा पट्टा लागत असेल तर तो त्या मॉडेलला मिळतो का हे पैसे देण्याआधी विचारा. स्मृती आणि दोन माणसांची वेगळी नोंद या सोयी कामाच्या, ब्लूटूथ असलं-नसलं तरी फरक पडत नाही.

किनारपट्टीवरचं दमट हवेचं दुखणं

बऱ्याच मशीनच्या पुस्तिकेत वापरासाठी १० ते ४० अंश तापमान आणि ९० टक्क्यांपर्यंत दमटपणा, पण दव न साचणारा, अशी मर्यादा असते. आपल्याकडे जूनपासून गणपतीपर्यंत भिंती घाम गाळतात आणि कपाटातल्या चामड्याच्या चपलेला बुरशी येते. तीच बुरशी पट्ट्याच्या कापडालाही येते. वेलक्रोची पकड जाते, मग फुगताना पट्टा सुटतो आणि मशीन एररचा संकेत देतं. ओलसर फडक्याने पुसून सावलीत वाळवा. पट्टा पाण्यात बुडवून धुवायचा नाही, आतली पिशवी भिजली की संपली.

सेलच्या खोबणीत हिरवट-पांढरा चुरा दिसला तर तो गंज. खारी हवा त्याला लवकर आणते, आणि गळका सेल आणखी लवकर. पंधरा दिवस मोजणार नसाल तर सेल काढून ठेवा. चारही सेल एकदम बदला, अल्कलाइनचे घ्या. अशक्त सेलने आकडा हळूच चुकतो ही समजूत बहुधा चुकीची असते: पंप धापा टाकतो, पट्टा पुरता फुगत नाही, सेलची खूण लुकलुकते आणि मोजणी अर्धवट राहते. म्हणूनच सेल बदलून वीसचा फरक सहसा जात नाही. लाइट वारंवार जात असेल तर अडॅप्टर कंपनीचाच वापरा आणि मोजून झालं की प्लगमधून काढा.

पावसाळ्यात मशीन घट्ट झाकणाच्या डब्यात, दोन-तीन सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. नळी तिच्या नैसर्गिक वळणातच राहू द्या. मशीनभोवती करकचून गुंडाळली तर ती मुळापाशी चिरते.

हवा गळते का हे ऐकू येतं. पट्टा एखाद्या कडक बाटलीवर गुंडाळून मशीन चालू करा आणि नळीच्या टोकाशी, सांध्याशी कान लावा. नाडीच नसल्यामुळे शेवटी एरर येणार, त्याचं काही नाही. सूं आवाज येत राहिला किंवा पंप थांबायचं नावच घेईना, तर गळती आहे. बहुतेक वेळा नवा पट्टा-नळी घेतल्यावर काम होतं.

कधी बदलायचं

पाच मोजण्यांची तपासणी वर्षातून एकदा करा, शक्यतो पावसाळा संपल्यावर, म्हणजे दमटपणाने काही बिघडलं असेल तर तेव्हाच दिसेल. मशीन खाली पडलं, पाणी शिरलं किंवा महिनाभर तेच औषध असताना आकडे एकदम दहा-पंधराने सरकले, तर वर्ष पूर्ण व्हायची वाट पाहू नका. निकाल आणि तारीख एका चिकटपट्टीवर लिहून मशीनच्या तळाला लावा.

योग्य घेराच्या, न फाटलेल्या पट्ट्यासह दोन वेगळ्या दिवशी नापास झालं तर बदला. एका दिवसाच्या निकालावर नको, त्या दिवशी तुमचंच बीपी अस्थिर असेल. पट्टा मशीनच्या आधी थकतो. रोज वापर असेल तर त्याचं आयुष्य वर्ष-दोन वर्षं धरा. मशीनचं आयुष्य बऱ्याच कंपन्या पाच वर्षांच्या आसपास सांगतात. पाच वर्षांनंतर तपासणीत पास होत असेल तर वापरा, फक्त तपासणी सहा महिन्यांनी करा. वॉरंटी संपलेलं मशीन दुरुस्तीला पाठवण्याचा खर्च आणि कुरिअर धरलं तर नवं घेणंच बहुधा परवडतं.

नवं आलं की त्याचीही पाच मोजण्यांची तपासणी पहिल्याच आठवड्यात करा, परत करण्याची मुदत असेपर्यंत. आणि जुनं नापास मशीन ‘असू दे, उपयोगी पडेल’ म्हणून कपाटात ठेवू नका. एके दिवशी नव्याचे सेल संपलेले असतील, शेजारची काकू चक्कर येते म्हणून येईल, आणि कुणीतरी तेच बाहेर काढेल. सेल काढा, पट्टा कापून टाका आणि मशीन ई-कचऱ्यात द्या.